एकच ओळ तर आहे!

“आमटीत मीठ जास्त पडलं, तर ते चमच्यानं परत काढता येतं का? नाही ना? मग डाळ वाढवायची, पाणी वाढवायचं आणि पुढं जायचं. प्रॉडक्शनचंही तेच.”

करकंबची बाजार आमटी समोर होती, भाकरी चुरून झाली होती, आणि माझा मित्र पुण्याहून दोनशेच्या आसपास किलोमीटर गाडी चालवून मुख्यतः त्या आमटीसाठीच आला होता. त्यामुळे दृष्टान्त आमटीचा निघणार हे ओघानेच आले. तो मोठ्या कंपनीत आहे. त्यांच्याकडे दिवसातून वीस-वीस वेळा रिलीज जातो. मी एका छोट्या कंपनीसाठी, बराचसा करकंबच्या घरातूनच, दूध संकलन केंद्रांचे सॉफ्टवेअर सांभाळतो. आमच्याकडे महिन्यातून दोन रिलीज गेले तरी डोक्यावरून पाणी गेल्यासारखे वाटते. तेव्हा ‘तुझा अनुभव लहान, माझा मोठा’ हे न बोलता मान्य करूनच ही चर्चा सुरू झाली. मी तेव्हा फार बोललो नाही, कारण आमटी गार होत होती. आता बोलतो.

त्याचे म्हणणे असे. नवा रिलीज प्रॉडक्शनमध्ये चुकीचा वागू लागला की मागच्या आवृत्तीवर जाणे, म्हणजे रोलबॅक, ही आपल्या पिढीची अंधश्रद्धा आहे. चूक शोधा, दुरुस्त करा, नवी आवृत्ती चढवा, पुढेच जा. यासाठी त्याने तीन आधार दिले. कोड मागे जातो, डेटाबेस मागे जात नाही. चूक बहुतेक वेळा एका ओळीची असते, रोलबॅकची धावपळ करण्याइतक्या वेळात ती सुधारूनही होते. आणि तिसरा आधार त्याने हुकमाच्या एक्क्यासारखा टाकला: नाईट कॅपिटल. “ती कंपनी रोलबॅक करायला गेली आणि बुडाली,” तो म्हणाला.

तिन्ही आधारांत अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवे आहेत. पहिल्या दोहोंची किंमत मी स्वतः मोजली आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आमचे सॉफ्टवेअर करकंब आणि आसपासच्या भागातल्या काही डझन केंद्रांवर चालते. काम साधे आहे. सकाळी सहाच्या सुमारास लोक किटल्या, कॅन घेऊन येतात. दुधाचा नमुना मशीनला लावला की फॅट आणि एसएनएफ हे दोन आकडे येतात. त्यांवरून दरतक्त्यातला दर निघतो, लिटरने गुणला जातो आणि हातभर नव्हे, बोटभर पावती छापून बाहेर येते. दहा दिवसांनी त्या पावत्यांची बेरीज म्हणजे त्या घराचा पगार. पावतीवरचे दहा-वीस पैसेसुद्धा लोक वाचतात. चष्मा घरी विसरलेली आजी नातवाकडून वाचून घेते.

गायीच्या दुधाचा आमचा तक्ता ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर बेतलेला होता. एसएनएफ त्याखाली गेला की दर ०.१ मागे ३० पैसे कपात, आणि ही कपात तक्त्यातच धरलेली होती. म्हशीचा तक्ता मात्र नुसता फॅटवर होता. तिथे एसएनएफची कपात आमचा कोड वेगळी करत असे. आता मिश्र दूध हा तिसरा प्रकार आणायचा होता. म्हणून एका उत्साही संध्याकाळी आम्ही दोन कामे एकाच रिलीजमध्ये उरकली. कपातीचा सगळा हिशोब एका सामाईक फंक्शनमध्ये आणला, आणि डेटाबेसमध्ये दुधाचा प्रकार जो `C` आणि `B` अशा अक्षरांत होता, तो १, २, ३ अशा क्रमांकांत नेला. जुना कॉलम काढूनही टाकला. टेबल स्वच्छ दिसायला हवे, नाही का? रात्री साडेनऊला, संध्याकाळचे संकलन संपल्यावर, रिलीज चढवला. सगळे हिरवे दिसत होते. झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.२५ ला एका केंद्रचालकाचा फोन आला. “सायेब, मशीन बरोबर हाय, फॅट कालच्याएवढीच हाय. पण दर उतरलाय. लोकं ऐकंनात.” त्याने पावती वाचून दाखवली. एसएनएफ ८.३, म्हणजे दोन पॉइंट कमी, म्हणजे कपात ६० पैसे हवी. पडली होती १ रुपया २० पैसे. तक्त्यातली एकदा आणि सामाईक फंक्शनची पुन्हा एकदा. बारा लिटर घालणाऱ्याचे सात रुपये वीस पैसे गेले होते. पाऊण तासात आमच्या टीमला दोषी ओळ सापडली. ही ती:

```
dar = takta_dar(fat, snf, prakar) - snf_kapat(snf)
```

गायीसाठी शेवटची वजाबाकी नको होती. “एकच ओळ तर आहे,” आमचा टीम लीड म्हणाला, “काढून टाका ती वजाबाकी.” ७.२० ला दुरुस्त आवृत्ती चढली:

```
dar = takta_dar(fat, snf, prakar)
```

फोन थांबले. आम्ही चहा घेतला. वाचकांच्या लक्षात आलेच असेल. आमच्या तेव्हा आले नाही. म्हशीच्या दुधाची कपात त्या वजाबाकीतूनच होत होती. आता म्हशीला कपातच उरली नाही. ७.२० नंतर पातळ दूध घालणाऱ्यालाही पूर्ण दर मिळू लागला. आणि याबद्दल एकही फोन आला नाही. कसा येईल? कमी पैसे पडले की माणूस पाच मिनिटांत बोलतो, जास्त पडले की पावती घडी करून खिशात ठेवतो. ही दुसरी चूक कळली दुपारी, केंद्रांच्या रकमा डेअरीच्या एकूण हिशोबाशी जुळवताना. तोवर सकाळचे संकलन कधीच संपले होते.

हिशोब असा झाला की पहिली चूक अर्ध्या तासात उघड झाली, आणि ती सुधारण्याच्या घाईत केलेली दुसरी चूक सहा तास दडून राहिली. फॅट, एसएनएफ आणि लिटर हे मूळ आकडे डेटाबेसमध्ये शाबूत होते, म्हणून सगळ्या पावत्यांचा दर पुन्हा काढता आला. गायीवाल्यांना फरक वाढवून दिला, ते खूश. म्हशीवाल्यांच्या दहा दिवसांच्या पगारातून जादा रक्कम कापायची म्हटल्यावर मात्र केंद्रचालकच हात जोडून उभे राहिले. छापील पावती लोकांच्या घरात होती, त्यावर आमचाच आकडा होता. ती रक्कम शेवटी कंपनीने सोसली.

आता मित्राचा दुसरा आधार घ्या: ‘तेवढ्या वेळात दुरुस्त होते.’ ओळ एक होती हे खरे. पण ‘एका ओळीची चूक’ हे वर्णन आपण चूक सापडल्यावर करतो. ६.२५ ला ती एका ओळीची आहे हे कोणाला माहीत होते? तेव्हा फक्त एवढेच माहीत होते की काल दर बरोबर होता आणि आज नाही. पुढे जायचे तर आधी कारण सापडायला हवे, मग ते खरेच कारण आहे याची खात्री व्हायला हवी, मग बदल, मग चाचणी, मग चढवणे. यातली पहिली पायरी पाच मिनिटांची की पाच तासांची हे कोणीही आधी सांगू शकत नाही. मागे जायला यातले काहीच लागत नाही. कारण कळलेच पाहिजे असे नाही. कालची आवृत्ती काल बरोबर चालली होती, हीच तिची चाचणी. आणि ती चाचणी खऱ्या केंद्रांवर, खऱ्या दुधावर, महिनाभर झालेली असते. घाईने लिहिलेली दुरुस्ती ही त्या दिवसातली सर्वांत कमी तपासलेली आवृत्ती असते, आणि आपण तीच सर्वांत वाईट वेळी सगळीकडे पोहोचवतो.

मागे जायला आमच्याकडे खरे तर हे एवढेच लागले असते. प्रत्येक रिलीजची फाइलींसकट तयार आवृत्ती सर्व्हरवर आपापल्या फोल्डरमध्ये असते, आणि `current` नावाचा दुवा चालू आवृत्तीकडे बोट दाखवतो. बोट वळवायचे आणि सेवा पुन्हा सुरू करायची:

```
ln -sfn /srv/dudh/r41 /srv/dudh/current
```

दोन मिनिटांचे काम. इथे एक बारकावा सांगून ठेवतो, कारण अनेकजण इथेच घसरतात. रोलबॅक म्हणजे `git revert` करून कोड पुन्हा बांधणे नव्हे. पुन्हा बांधलेली आवृत्ती ही नवीच आवृत्ती असते. मधल्या काळात एखादी लायब्ररी बदललेली असू शकते, बांधणीच अडू शकते. मागे जायचे ते काल प्रत्यक्ष चालत होती त्याच तयार आवृत्तीवर.

तर त्या सकाळी आम्ही बोट वळवून पाहिले का? पाहिले. ६.५२ ला चाचणीच्या सर्व्हरवर. `r41` उठली आणि पहिल्याच पावतीला मेली. ती `prakar` नावाचा कॉलम मागत होती आणि तो आम्हीच आदल्या रात्री काढून टाकला होता. रात्रीच्या बॅकअपवर गेलो असतो तर सकाळपासूनच्या सगळ्या पावत्या गेल्या असत्या. म्हणजे ‘पुढे जायचे’ हा आमचा निर्णय नव्हताच. परतीचा दोर आम्ही रात्री साडेनऊला कापला होता, आणि सकाळी नाइलाजाला तत्त्वाचे नाव दिले.

“हेच तर मी म्हणतोय,” मित्र म्हणाला असता, “डेटाबेस मागे जात नाही.” नाही बाबा. डेटाबेस मागे गेला नाही, कारण आम्ही त्याला एका घावात पुढे ढकलले. स्वच्छ टेबलाच्या हौसेपायी एका ओळीने ते केले:

```sql
ALTER TABLE sankalan DROP COLUMN prakar;
```

ही ओळ त्या रात्री चालवायची काही गरज नव्हती. नवा कॉलम जुन्याशेजारी घालता आला असता. नव्या आवृत्तीने क्रमांक नव्या कॉलममध्ये आणि अक्षर जुन्या कॉलममध्ये, असे दोन्ही लिहायला हवे होते. इथे ‘दोन्ही लिहायला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसता जुना कॉलम जागेवर ठेवला आणि नव्या आवृत्तीने त्यात काही लिहिलेच नाही, तर मागे गेल्यावर आजच्या पावत्यांचा प्रकार कोरा दिसतो आणि जुनी आवृत्ती त्यांवर अडखळते. आणि मिश्र दूध, म्हणजे क्रमांक ३, या काळात सुरूच करायचे नाही, कारण जुन्या आवृत्तीला ‘३’ म्हणजे काय हे ठाऊक नाही. नवी आवृत्ती काही दिवस निर्धास्त चालली, परत जायची वेळ येत नाही असे दिसले, की मग एका वेगळ्या, छोट्या रिलीजमध्ये जुना कॉलम काढायचा. आधी वाढवा, मग आवरा. घर बदलताना नव्या घराची किल्ली हाती आली म्हणून त्याच रात्री जुन्याची किल्ली कोणी देऊन टाकत नाही, तसेच हे.

याला त्रास आहे, मी नाकारत नाही. एका रिलीजचे दोन-तीन रिलीज होतात, काही आठवडे दोन कॉलम सांभाळावे लागतात, कोडमध्ये थोडी ओंगळ डागडुजी राहते. मित्राच्या कंपनीत दिवसाला वीस रिलीज जातात म्हणून तो रोलबॅकला हसतो. गंमत अशी की तिथे हीच शिस्त कोणीतरी त्याच्यासाठी पाळते. वीस छोटे रिलीज म्हणजे प्रत्येक बदल इतका लहान की दुरुस्त करणे आणि उलटवणे यांत फारसा फरकच उरत नाही, आणि नवी आवृत्ती आधी थोड्याच ग्राहकांना दिली जाते, बिघडली तर आपोआप काढूनही घेतली जाते. तो काढून घेण्याचा प्रकार म्हणजे रोलबॅकच. तो घडतो तेव्हा माझा मित्र झोपलेला असतो, म्हणून त्याला तो दिसत नाही.

आता हुकमाचा एक्का. नाईट कॅपिटल ही अमेरिकन शेअर बाजारातली मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी, आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले असताना, म्हणजे करकंबला दुधाची रांग लागते त्या वेळेला, न्यूयॉर्कचा बाजार उघडला. पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात सगळे तपशील आहेत. कंपनीला १ कोटी २० लाख डॉलरचा दंडही झाला. मित्राने ही गोष्ट जशी सांगितली तशीच सगळीकडे सांगितली जाते. आदेशातले तपशील वेगळेच काही सांगतात.

कंपनीच्या ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेचे आठ सर्व्हर होते. त्या दिवसापासून न्यूयॉर्कच्या बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होत होती, तिच्यासाठी नवा कोड चढवायचा होता. जुन्या कोडमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचे एक काम होते, जे २००३ पासून वापरात नव्हते पण काढलेले नव्हते. ते काम जागे करणारी खूण, म्हणजे फ्लॅग, नव्या योजनेसाठी पुन्हा वापरली गेली. नवा कोड सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर चढवायचा राहून गेला, आणि दुसऱ्या कोणी तपासलेही नाही. बाजार उघडल्यावर खूण लावलेल्या ऑर्डरी येऊ लागल्या. सात सर्व्हरनी ती खूण नव्या अर्थाने वाचली. आठव्याने जुन्या अर्थाने वाचली, आणि नऊ वर्षे झोपलेला पॉवर पेग उठला. ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचे, हे मोजणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला होता, त्यामुळे तो थांबेना. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींवर तो खरेदी-विक्री करतच राहिला, ४० लाखांवर व्यवहार झाले.

मग ती प्रसिद्ध चूक घडली. गोंधळ थांबवण्याच्या धडपडीत कंपनीने नवा कोड, जो सात सर्व्हरवर बरोबर चालला होता, तो काढून टाकला. आता आठही सर्व्हरवर जुना कोड होता, खूण लावलेल्या ऑर्डरी अजून येत होत्या, आणि एका पॉवर पेगऐवजी आठ जागे झाले.

याला रोलबॅक म्हणायचे? आदल्या दिवशीची स्थिती काय होती? जुना कोड आणि खूण लावलेली एकही ऑर्डर नाही. कंपनीने कोड मागे नेला आणि ऑर्डरी चालू ठेवल्या. हे अर्धे मागे जाणे होते, आणि अर्धे मागे जाणे ही कालची स्थिती नसते. ती तिसरीच, कोणी कधीही न तपासलेली स्थिती असते. म्हणजे आमच्या ७.२० च्या दुरुस्तीचीच सख्खी बहीण. पूर्ण मागे जायचे तर आधी खूण बंद, म्हणजे योजनेच्या ऑर्डरी घेणे बंद, आणि मगच कोड. जो बदल शेवटी चालू केला तो आधी बंद करायचा, हा क्रम कधीच मोडायचा नाही. एक गोष्ट मित्राच्या बाजूने मान्य करतो: त्या क्षणी आठव्या सर्व्हरवर नवा कोड चढवणे, म्हणजे पुढे जाणे, हेच नेमके औषध होते. पण ते औषध ठरवायला आठवा सर्व्हर चुकला आहे हे माहीत असायला हवे होते. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने पॉवर पेगचे नाव असलेल्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना धाडल्या होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. निदान झालेले नव्हते. निदान नसताना एकच सुरक्षित पाऊल होते: यंत्रणा बाजारापासून तोडणे.

मागे की पुढे या वादात हा तिसरा पर्याय नेहमी विसरला जातो. आधी थांबवा. आमच्या केंद्रांवर तो फार स्वस्तात उपलब्ध होता. प्रत्येक केंद्रचालकाच्या टेबलाच्या खणात अजून वही असते. “पावती छापू नका, फॅट, एसएनएफ, लिटर वहीत लिहा, दर दुपारी कळवतो,” एवढा निरोप ६.३० ला गेला असता, तर चुकीच्या पावत्या तिथेच थांबल्या असत्या आणि आम्हाला दिवसभराचा वेळ मिळाला असता. मूळ आकडे हाती असले की दर कधीही काढता येतो. त्यामुळे रिलीज बिघडला की माझा पहिला प्रश्न आता हा असतो: तो चुकीचे मूळ आकडे लिहितो आहे, की बरोबर आकड्यांवरून चुकीचा हिशोब करतो आहे? हिशोब चुकत असेल तर नंतर सावरता येते. मूळ आकडेच बिघडत असतील तर प्रत्येक मिनिट महाग, आणि मग थांबवायला कोणाची परवानगीही मागू नये.

आता मित्राचे जिथे खरे आहे तिथे ते देतो. कधी कधी मागे वाटच नसते आणि ती बांधताही आली नसती. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल जगभर पाठवली. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९.३९ ला. ती त्यांनी १०.५७ ला मागे घेतली, अठ्ठ्याहत्तर मिनिटांत, म्हणजे रोलबॅक चोखच होता. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांवर परिणाम झाला. पडलेली यंत्रे सुरूच होत नव्हती, आणि जे यंत्र सुरू होत नाही ते मागे घेतलेली फाइल उतरवणार कुठून? भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. लोकांना एकेका यंत्रापुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन `C-00000291*.sys` ही फाइल हाताने पुसावी लागली. जे आपल्या हाताबाहेर गेले, ग्राहकाच्या यंत्रात, बँकेत जमा झालेल्या रकमेत, छापलेल्या पावतीत, तिथे मागे जाणे हा शब्दच लागू होत नाही. तिथे पुढे जाऊनच भरपाई करावी लागते. पण यातून निघते ते एवढेच की असा रिलीज सगळ्यांना एकदम द्यायचा नाही. त्या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे जाहीर केले.

तसेच दोष रिलीजचा नसेलच तर मागे जाऊन काही होत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपली, बँकेची सेवा बंद पडली, आणि योगायोगाने तासापूर्वी तुमचा रिलीज गेला होता. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे काही केंद्रे जुन्या आवृत्तीवर ठेवलेली असणे. तिथेही दर चुकत असेल तर दोष दुसरीकडे आहे. सगळ्यांना एका रात्रीत नवी आवृत्ती दिली की ही तुलना करायला काही उरत नाही. आमच्याकडे उरले नव्हते.

“मागे गेलात की पुरावा जातो, चूक मग सापडत नाही,” हा मित्राचा जाता जाता मारलेला टोला होता. उत्तर साधे आहे. बिघडलेल्या आवृत्तीचा एक सर्व्हर वाहतुकीतून बाजूला काढा, नोंदी जपून ठेवा, आणि निवांत चिरफाड करा. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना शवविच्छेदन करायचे नसते.

राहिली आमटी. मित्रा, आमटीत पडलेले मीठ निघत नाही हे कबूल. पण आपल्या धंद्यात कालची आमटी शेजारच्या पातेल्यात जशीच्या तशी, गरम ठेवता येते, आणि तिला जवळजवळ काही खर्च येत नाही. ती असताना खारट पातेल्यात पाणी ओतत बसणे, तेही रांगेतल्या लोकांना तेच वाढत, ही पाककला नव्हे. ते दुसरे पातेले आधी भरून ठेवलेले नसेल, तर मात्र तू म्हणतोस तेच करावे लागेल. त्याला निर्णय म्हणू नकोस.

त्या सकाळनंतर आमच्याकडे तीन गोष्टी बदलल्या. कॉलम काढणारा बदल कोडबरोबर एकाच रिलीजमध्ये जात नाही. नवी आवृत्ती आधी चार केंद्रांवर, एक पूर्ण सकाळ आणि एक संध्याकाळ चालते, आणि गायीचा व म्हशीचा सरासरी दर वेगवेगळा काढून कालच्याशी ताडला जातो. कारण जास्त पैशांचा फोन येत नाही. आणि चढवण्यापूर्वी चाचणीच्या सर्व्हरवर नव्या आवृत्तीने लिहिलेल्या पावत्यांवर जुनी आवृत्ती उठवून पाहिली जाते. तिला उठून पहिली पावती छापायला तीन मिनिटांहून जास्त लागली, तर त्या रात्री रिलीज जात नाही.

मिश्र दूध आम्ही पुढे पुन्हा आणले. या वेळी जुना कॉलम काढला तो दोन पगार होऊन गेल्यावर, दुपारी अडीच वाजता, दोन संकलनांच्या मधल्या वेळात. केंद्रांवर कोणाला कळलेही नाही.